तांब्याच्या गठ्ठ्यावरचा क

नाव : श्री. यज्ञेश्वर गणपत वडके. वय : अडुसष्ट. राहणार : कसबा पेठ, पुणे. व्यवसाय : तांबट. शिक्षण : सातवी उत्तीर्ण. अवगत भाषा : मराठी (लिहिणे, वाचणे, बोलणे), हिंदी (बोलणे). इतर भाषा : निरंक. शारीरिक ओळख : उजव्या कानाने कमी ऐकू येते, व्यवसायजन्य.

हा कारागीर नोंदणीचा अर्ज मीच भरला, कारण मी शेजारी राहतो, निवृत्त आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे अशी आळीत समजूत आहे. ‘इतर भाषा’ या रकान्यापाशी मी विचारलं होतं, “गुजराती लिहू का? त्या शेठकडे चाळीस वर्षं जाताय.”

“येत नाही,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“थोडी तरी?”

“थोडी असा रकाना आहे का?”

नव्हता. मी निरंक लिहिलं.

शेठ म्हणजे रसिकलाल. रविवार पेठेत त्यांचं तांब्या-पितळेच्या पत्र्याचं दुकान. बाजार रविवारी बंद असतो, पण यज्ञेश्वररावांना पत्रा रविवारीच मिळे, मागच्या दाराने. सोमवारी भट्टी पेटवायची तर माल आदल्या दिवशी हवा, ही यांची अडचण. आणि रविवारी दुकानात बोलायला कुणी नसतं, ही शेठची. पत्र्याच्या प्रत्येक गठ्ठ्याला तारेने एक पुठ्ठा बांधलेला असे, त्यावर शेठच्या हातचं वजन, गुजराती आकड्यांत. ते आकडे यज्ञेश्वरराव तिथेच शिकले. पाचाचा आकडा त्यांच्या प सारखा, दोनाचा र सारखा, एवढं सांभाळलं की बाकीचे आकडे आपलेच. अक्षरं शिकवायचीही शेठची तयारी होती. “वजनापुरतं येतंय तेवढं पुरे,” असं यांनी सांगितलं.

तरी अक्षरांशी त्यांचा संबंध जन्माचा. भांड्यांवर नावं मशीनने घालायची पद्धत येण्यापूर्वी आळीतली निम्मी नावं त्यांनी ठोकलेली. छिन्नीचं टोक टेकवून ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उठवायचं. शेठच्या नात्यातल्या लग्नांसाठी त्यांनी गुजराती नावंही ठोकली होती, चिठ्ठीवरून, वळणाबरहुकूम. वाचता येत नव्हती म्हणून ती अधिक बिनचूक आली, असं त्यांचं म्हणणं. वाचणारा माणूस अक्षराकडे नीट बघत नाही.

एका रविवारी ते नेहमीसारखे गेले, तर मागच्या दाराला कुलूप. पुढे आले. शटरवर एक कागद डकवलेला, जाड पेनाने लिहिलेला, सबंध गुजराती. शेजारची दुकानं बंद. शेठचा फोन बंद, त्यांच्या नवीन नावाच्या मुलाचा, तोही बंद. कागदावरची पहिली गोष्ट त्यांना दिसली ती अशी, की अक्षर शेठचं नाही.

त्यांनी खिशातली पत्र्याच्या मापांची वही काढली आणि सगळा कागद उतरवून घेतला, नाव ठोकायचं असल्यासारखा.

साडेदहाला ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. वही पुढे केली.

“तुम्ही वाचनालयात होतात. बघा.”

गुजराती लिपीला वरची रेघ नसते, एवढं मनात धरलं की म, न, प, त, व, स, र ही मंडळी ओळखीची निघतात. घोटाळा उरलेल्यांचा. आणि ओळखीच्या शब्दांचा घोटाळा तर त्याहून मोठा. गुजरातीत दर्दी म्हणजे आजारी माणूस. आपल्याकडे तो मैफिलीत पुढे बसून मान हलवतो. म्हणून मी सावकाश निघालो. “पिताश्री,” मी म्हणालो. कागदावर પિતાશ્રી असं होतं. त्यात अनोळखी काहीच नव्हतं, आणि बंद शटरवर मुलगा वडिलांचं नाव लिहितो ते सहसा ते गेल्यावरच.

“तेवढं मला आलंय. पुढे?”

पुढे नाव होतं. રસિકલાલ.

“रसि...लाल,” मी म्हणालो. “अहो, रसिकलालच हे.”

“मधलं अक्षर कुठलं?”

“क. दुसरं काय असणार?”

“आपल्या क सारखं दिसतं का?”

“नाही.”

“मग?”

“यज्ञेश्वरराव, रसि-आणि-लाल. रसिपलाल नावाचा माणूस असतो का?”

“प मला येतो. प नाहीये तो.” त्यांनी वही मिटली. “पिताश्री लिहिलंय म्हणून कुणाचे तरी पिताश्री. दुकानाच्या वर भाडेकरू आहेत. माणूस गेलाय असं मी अंदाजाने म्हणणार नाही.”

मला तेव्हा ते हट्टी वाटले. आता वाटतं, की माणसाला मरू न देण्याचा तेवढा एकच मार्ग त्या वहीत होता.

घरात कुसुमवहिनींनी तोवर निकाल लावला होता. पिठलं रटरटत होतं. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, डबा न्यायचा, हे त्यांना कुठल्याही लिपीत कळतं. त्यांची सून अक्षता हिने वहीच्या पानावर फोन धरला. फोनने यज्ञेश्वररावांच्या हस्ताक्षराचा बराच वेळ आदर केला आणि शेवटी एक ओळ दिली : लौकिक व्यवहार बंद आहे.

“झालं,” वहिनी म्हणाल्या. “बंद आहे म्हणतायत. कुणी यायचं नाही असं असेल. मंगळवारी जा घरी. आपल्यात नाही का, दहाव्यापर्यंत कधीही गेलं तरी चालतं.”

“आपल्यात,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“बाबा, दुकान बंद असंही असेल,” अक्षता म्हणाली. “व्यवहार म्हणजे धंदा.”

“दुकान बंद हे खाली वेगळं लिहिलंय. દુકાન બંધ. दर दिवाळीला ते शटरवर बघतोय मी, सबंधच; अक्षरं कधी सुटी केली नाहीत. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहितील?”

“मग लौकिक व्यवहार म्हणजे काय?”

“ते माहीत नाही.”

ते कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घराच्या पुढची खोली. तीत एक भट्टी, दोन ऐरणी आणि कोपऱ्यात मागच्या महिन्याचा एक न फोडलेला गठ्ठा. मी मागोमाग गेलो. त्यांनी गठ्ठ्याचा पुठ्ठा तारेसकट उलटा केला. शेठच्या अक्षरात होतं : ૨૫ કિલો.

पंचवीस किलो. चाळीस वर्षं हा पुठ्ठा त्यांनी आकड्यापुरता वाचला होता. पुढचा शब्द किलो आहे हे माहीत होतं म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आता त्यांनी वही त्याच्याशेजारी ठेवली. કિ मधली वेलांटी बोटाने झाकली. ક उरला. तोच वहीत, सि आणि ला यांच्या मधोमध.

ते बराच वेळ बोट न काढता बसले.

“क आहे,” ते म्हणाले.



थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागावं तसे पुढच्या ओळीला लागले. माणूस कोण ते ठरलं होतं; आता भेटायचं कधी आणि कुठे हा प्रश्न होता. रविवार आणि तेराचा आकडा स्पष्ट होता, म्हणजे आजच. मग સાંજે ૫ થી ૬. पाच आणि सहा त्यांचे घरचे. आधीचा शब्द : सां, मग एक अनोळखी अक्षर एकारासकट.

“सांजे,” मी म्हणालो. “ज असेल.”

“असेल नको. दुसरीकडे बसतो का बघू.”

डब्याचं झाकण एका बाजूने बसलं म्हणजे बसलं असं नसतं, फिरवून बघावं लागतं, हा त्यांचा धंद्यातला नियम. तेच अक्षर खाली સ્થળ, म्हणजे स्थळ, या शब्दापुढे सापडलं : समा, अनोळखी, नी वाडी, नाना पेठ. ज घातला. समाजनी वाडी. झाकण बसलं.

राहिला एक शब्द, वेळ-स्थळाच्या आधीचा, मोठ्या अक्षरात : બેસણું. पहिलं अक्षर सोडून बाकीचं येत होतं. ते पहिलं अक्षर ‘दुकान बंध’ मधल्या ब चं निघालं.

“बेसणुं,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “बसणं.”

“म्हणजे लोक येऊन बसणार?”

“म्हणजे काय ते नवीन जाणे. पण वेळ दिलीय, जागा दिलीय. ज्याला कुणी यायला नकोय तो पाच ते सहा कशाला लिहील?” ते उठले. “जायचं. जे बंद आहे ते काय ते कळलेलं नाही, तेव्हा तिथं काही करायचं नाही. नुसतं बसायचं.”

“आणि डबा?” दारातून वहिनींनी विचारलं.

“कळलेलं नाही त्यात डबाही आला.”

“मेल्या माणसाच्या घरी रिकाम्या हाताने?”

“कुसुम, घरी नाही. वाडीत.”

वहिनींनी डबा तरीही पिशवीत घातला.

साडेचारला आम्ही निघालो. त्यांनी पांढरा सदरा घातला; हे कागदावर नव्हतं, पण शेठना त्यांनी दुसऱ्या रंगात कधी पाहिलं नव्हतं. नाना पेठेतली ती वाडी म्हणजे त्यांच्या समाजाचं कार्यालय; तिथे पांढऱ्या चादरी अंथरलेल्या होत्या. समोर शेठचा फोटो, त्याला चंदनाचा हार. लोक येत, हात जोडत, थोडा वेळ बसत आणि उठून जात. रडणं नाही, बोलणं जवळजवळ नाही. हातात कुणाच्याही काही नव्हतं. यज्ञेश्वररावांनी पिशवी चपलांपाशी ठेवली आणि फोटोसमोर जाऊन बसले. लोक बदलत राहिले, ते उठले नाहीत. पाऊण तास ते तिथं बसले होते. चाळीस वर्षांच्या रविवारांच्या मानाने हे कमीच.

सहाला पाच मिनिटं असताना नवीन त्यांच्याजवळ आला. डोळे सुजलेले.

“वडकेकाका. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मराठी गिऱ्हाइकांना कळवायचं राहूनच गेलं. मराठीत कागद करणार होतो, झालाच नाही. फोन तर कालपासून बघितलेच नाहीत. आत्ता इथून उठलो की गाडीने निघतोय, बापुजींच्या अस्थी नर्मदेवर चाणोदला न्यायच्यात. तिथून गावी. महिनाभर तरी घर बंद. मला सारखं वाटत होतं, तुम्ही राहिलात.”

“कागद लावला होतास ना.”

“तो गुजराती होता, काका.”

“हो,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “अक्षर शेठपेक्षा बरं आहे तुझं.”

नवीन जरासा हसला, मग त्याला हसू आवरायला की रडू आवरायला, तोंडावर हात ठेवावा लागला. सहाला चादरी उचलायला सुरुवात झाली.

परतताना त्यांनी लौकिक व्यवहाराचं नवीनला विचारलं का, असं मी विचारलं. विचारलं होतं. मरणानंतर नातेवाइकांनी देण्याघेण्याच्या ज्या रीती असतात, त्या त्यांनी बंद ठेवल्या होत्या. कुणी काही आणू नये, एवढाच अर्थ.

“म्हणजे डब्याचं तुमचं बरोबर होतं.”

“बरोबर नव्हतं. माहीत नव्हतं.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “पिठलं गार झालं असेल.”

रात्री आम्ही दोघांनी ते खाल्लं. मीठ कमी होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. कोपऱ्यातला गठ्ठा फोडला. पुठ्ठा मात्र तारेसकट खिळ्याला टांगला आहे. मी पुन्हा एकदा तो अर्जाचा विषय काढला. दुरुस्ती करता येते, ‘इतर भाषा’मध्ये गुजराती (वाचणे) असं घालू.

“नको,” ते म्हणाले. “एक ओळ शेवटपर्यंत लागली नव्हती. ती विचारावी लागली.”

तीन महिन्यांनी कारागीर ओळखपत्र आलं. त्यावर नाव, फोटो आणि क्रमांक आहे. भाषेचा रकाना नाही.