मिरचीहून परतलेल्या मुलीची नोंद

कुरखेड्याकडच्या एका गावातून आशाताईंचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या औषध भांडारात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो.

"भाऊ, सिकलसेलवाल्या पोरीच्या गोळ्या काऊन नाई आल्या? मी तिले नोंदीत परत चढवून केव्हाची वाट पाहून राह्यली."

ती मुलगी आईबापांसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. कुटुंब गेलं की आशाताई गावच्या नोंदीतून त्यांना काढतात, परतलं की तीच जुनी नोंद परत घेतात. गावची नोंद सिंक होऊन, म्हणजे आपोआप जुळून, आमच्या भांडाराच्या संगणकावर उतरते, आणि त्यावरून औषधांची पाकिटं बांधली जातात. ही दोन्ही जोडण्याचं काम माझं.

सिंकचा अहवाल म्हणत होता, मुलगी आली. आमच्याकडे तिचा नवा फोन नंबरही उतरला होता. पण काढताना लागलेली 'वगळले' ही खूण तशीच होती. सिंक बाकी सगळं बदलत होतं, खूण तेवढी पुसत नव्हतं. पाकिटांच्या यादीत खूण असलेलं कोणी येत नाही.

डबा तसाच झाकला. गाडी दुपारी सुटणार होती आणि मुलीकडच्या गोळ्या संपल्या होत्या.

औषधं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "नवीन नोंद करून टाका ना, भाऊ. कशाले डोकं लावता?"

"नव्या नोंदीला जुने रक्ताचे रिपोर्ट नसतील, बाई. डोस कशावरून ठरवाल?"

"मग सगळ्यांच्या खुणा पुसा. गावात आहेत त्यांच्या."

हे सोपं होतं. बोट कळीवर होतं, पण मन मानेना. गावच्या नोंदीत असूनही आमच्याकडे वगळलेले आणखी कोण आहेत ते पाहिलं. सिंदेवाहीकडचे एक काका निघाले. मी बाईंना विचारलं.

त्या एकदम उभ्या राहिल्या. "अरे बापा! त्याईले मीच बंद केलं. रक्तातल्या पेशी उतरल्या म्हणून डॉक्टरनं गोळी थांबवली."

म्हणजे खूण एकच, पण लावणारे दोन. मी नियम लिहिला: वगळणं सिंकनेच केलं असेल आणि परत घेण्याची वेळ त्यानंतरची असेल, तरच खूण पुसायची, त्याच नोंदीवर, मागचे रिपोर्ट आणि डोस न हलवता. उशिरा पोचलेला जुना 'काढा' निरोप आला तर तो सोडून द्यायचा. भांडाराने स्वतः बंद केलेल्याला हात लावायचा नाही.

सिंक पुन्हा चालवलं. मुलगी यादीत आली, जुन्या डोससकट. काका आले नाहीत. मी ते दोनदा पाहिलं.

पाकीट घेऊन बाई गाडीकडे धावल्या. "जेवा आता, भाऊ. भाजी थंडी झाली असंल."

डबा उघडला आणि तसाच बाजूला सारला. संध्याकाळी आशाताईंचा फोन आला तेव्हा मी काकांची नोंद उघडून तिसऱ्यांदा पाहत होतो.

"मिळाल्या, भाऊ."