सगळीकडे सावधान

शाळेची नोकरी सुटल्यावर मी घरून भाषांतराची कामं घेऊ लागले. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकापासून आमचं घर आत आहे, पण हायवेवरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर येतो. पुण्यातली एक एजन्सी कामं पाठवायची. बहुतेक यंत्रांची माहितीपुस्तकं असत. भातगिरणीच्या यंत्रांचं पुस्तक आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमच्याकडे गावोगावी गिरण्या आहेत. निदान हे कुणीतरी वाचेल, असं वाटलं.

अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक तक्ता असतो. धोक्याच्या पायऱ्या त्यात सांगितलेल्या असतात. सगळ्यात वरची पायरी म्हणजे टाळलं नाही तर माणूस मरेल किंवा कायमचा जायबंदी होईल. दुसरी, मरू शकतो किंवा जायबंदी होऊ शकतो. तिसरी, किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. त्याखाली चौथी असते, तिच्यात माणसाला काही होत नाही, यंत्राचं नुकसान होतं. इंग्रजीत प्रत्येक पायरीला एकेक ठरलेला शब्द आहे आणि पुढे पुस्तकभर, यंत्रावरच्या स्टिकरांवरही, तोच शब्द येतो. मूळ पुस्तकात पायऱ्यांना रंगही होते, लाल, नारिंगी, पिवळा, निळा. मराठी पुस्तक मात्र काळ्या शाईतच छापायचं होतं. म्हणजे सगळा भार शब्दावर.

मी वरून खाली 'धोका', 'इशारा', 'खबरदारी', 'सूचना' असं धरलं होतं. पण एजन्सीची फाइल उघडली तर वरच्या तिन्ही पायऱ्यांच्या जागी आधीच 'सावधान' भरलेलं. आमच्या कामात जुनी भाषांतरं संगणकात साठवलेली असतात आणि तेच वाक्य पुन्हा आलं की आपोआप येऊन बसतात. कुणीतरी पूर्वी कधी तिन्ही शब्दांना एकच शब्द दिला होता आणि तो आता कुलूपबंद होता. मला बदलता येत नव्हता.

त्यामुळे पहिल्या पानावरचा तक्ता असा झाला: सावधान, टाळले नाही तर मृत्यू होईल. सावधान, टाळले नाही तर मृत्यू होऊ शकतो. सावधान, टाळले नाही तर किरकोळ इजा होऊ शकते.

मी एजन्सीला लिहिलं, की तीन पायऱ्यांना एकच शब्द लागला आहे, वाचणाऱ्याला मरण आणि खरचटणं यांतला फरक कळणार नाही. तिकडून एका मुलीचा फोन आला. आवाजावरून वयाने लहान, कामाने थकलेली.

"मॅम, क्लायंटने मंजूर केलेली यादी आहे ही. मागच्या पाच मशीनमध्ये सावधानच आहे. बदललं तर विसंगती म्हणून चूक धरतात."

"पण तक्ता वाचून बघा ना तुम्ही."

"वाचला मॅम. तुमचं बरोबर आहे. पण सध्या जसं आहे तसं राहू द्या. पुढच्या आवृत्तीत बघू."

तिने आणखी एक सांगितलं. पहिल्या ओळीतलं 'मृत्यू होईल' फार कठोर वाटतं असं भाषांतर तपासणाऱ्याचं म्हणणं होतं. मग तेही 'होऊ शकतो' झालं. पहिल्या दोन ओळींत जो एक फरक उरला होता, तोही गेला. काम पाठवताना एक यादी भरावी लागते. 'शब्दांत सुसंगती राखली आहे' या ओळीपुढे मी खूण केली. ती खूण मीच केली, हे मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. इथे लिहिते आहे.

पुढच्या पिकाला आमच्या रस्त्यावरच्या गिरणीत ती नवी यंत्रं बसली. आमच्या गल्लीतली एक बाई तिथे कामाला जायची. पस्तिशीची असेल. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली, अक्षर गोल काढणारी. नवरा आणि ती, दोघंही गिरणीतच. मला ती अजून बाईच म्हणायची.

एका सकाळी तिचा हात एलिव्हेटरमध्ये गेला. एलिव्हेटर म्हणजे उभी लोखंडी पेटी. आत पट्टा फिरतो, पट्ट्याला लोखंडी वाट्या असतात, त्या धान खालून वर नेतात. तळाशी धान अडलं की काढायला एक सरकतं झाकण असतं. चालू यंत्रात ते उघडायचं नसतं. तिने उघडलं, हात घातला आणि खालून येणाऱ्या वाटीने उजव्या हाताची तीन बोटं नेली.

तिला गोंदियाला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी मी गेले. हात उशीवर ठेवलेला, पट्ट्यांनी मोठा झालेला. तिचा नवरा पायाशी बसला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अगं, चालू मशीनमध्ये हात काऊन घातला?"

ती छताकडे पाहत म्हणाली, "रोजच घालत होतो जी बाई सगळ्याजनी. बंद केलं का मंग पूर्ण लाइन तुंबते, मुकादम बोलते."

"तिथं लिहिलं नव्हतं का?"

"लिवलं होतं न. वाचता येते मले, तुमीच तं शिकवलं." मग सांगू लागली, "पॉलिशरवर सावधान आहे, थो गरम रायते, हात लागला तं चटका बसते, बस. पत्र्याच्या काठावर सावधान आहे, थो कापते जरासा. झाकणावर बी सावधानच आहे. सगळीकडंच सावधान. मंग कोणतं भारी आन कोणतं हलकं, कसं समजन मले?"

 तिचा नवरा म्हणाला, "जाऊ दे, झालं थे झालं." तिच्यासाठी आणलेली संत्री मी खिडकीत ठेवली आणि बसने परत आले.

गिरणीत जाऊन मी स्वतः पाहिलं. मालकाने अडवलं नाही. पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, सगळे स्टिकर एकाच साच्यातले. चटका बसणारी जागा आणि हात तुटणारी जागा, दोन्हींवर तेच त्रिकोणी चिन्ह, तोच शब्द, तेवढ्याच आकारात. झाकणावरच्या स्टिकरचं खालचं वाक्य माझं होतं: 'यंत्र चालू असताना झाकण उघडू नका. हाताला गंभीर इजा होऊ शकते.' मूळ वाक्यात 'हात तुटेल' असं होतं. तपासणाऱ्याने ते मवाळ करून परत पाठवलं तेव्हा मी पुन्हा वाचलं नव्हतं.

मला काहीतरी करायचं होतं, म्हणून मी जे येतं ते केलं. जेवणाच्या सुटीत तिथल्या सात-आठ बायकांना बसवलं आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून समोर ठेवला. म्हटलं, ज्याची सगळ्यात भीती वाटते तो वर ठेवा.

'धोका' पाहून एक जण हसली. "धोखा तं माणूस देते जी, मशीन कायले देईन?" गोंदियाकडे हिंदीच कानावर जास्त, तिला त्यातला विश्वासघात ऐकू आला होता. दुसरी म्हणाली, "नाई वो, मराठीत धोका म्हंजे खतरा." मग दोघींचं जुंपलं. 'इशारा' ठेवला तर सगळ्याच हसल्या. इशारा डोळ्याने करतात. 'चेतावणी' त्यांना सिगारेटच्या पाकिटावरची वाटली, ओढणारे तर ओढतातच. 'खबरदारी' म्हणजे डॉक्टर सांगतो ती, बाळंतिणीची. पण 'खबरदार' म्हटलं की भांडणच. विजेच्या डीपीवर कवटीखाली असतो तो 'खतरा' सगळ्यांनी न बोलता वर सरकवला. 'सावधान' कुणी मध्ये ठेवला, कुणी खाली. एक म्हणाली, थो तं लग्नातला आहे.

मी सगळं लिहून काढलं. एकटा शब्द पुरत नाही, हे मला तिथे कळलं. घरी येऊन प्रस्ताव केला, बायकांच्या बोलण्याची टिपणंही सोबत जोडली. 'खतरा' हिंदी म्हणून कुणी मंजूर करणार नाही असं वाटलं, म्हणून वरच्या पायरीला 'जीवघेणा धोका', म्हणजे विश्वासघाताची शंका उरणार नाही. दुसरीला 'गंभीर इशारा', कारण नुसत्या इशाऱ्याने कुणी घाबरत नव्हतं. तिसरीला 'खबरदारी', चौथीला 'सूचना'. 'सावधान' कुठेच नको. पहिल्या पायरीच्या वाक्यात 'होईल', दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत 'होऊ शकते', आणि तपासणाऱ्याने हे क्रियापद मवाळ करू नये. स्टिकर रंगीत छापता येत नसतील तर वरच्या पायरीची पट्टी काळी आणि अक्षरं पांढरी. एका बाईची बोटं गेली हेही लिहिलं, नाव न देता.

एजन्सीकडून पोच आली. मग काही महिने काहीच नाही. मी तीनदा आठवण करून दिली. त्या मुलीने नोकरी बदलली होती. नवीन माणसाला माझा प्रस्ताव सापडेना. मी पुन्हा पाठवला.

दरम्यान गल्लीतली ती बाई दवाखान्यातून घरी आली होती. जखम भरली, पण अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये काही उरलं नव्हतं. डाव्या हाताने भाजी चिरायला शिकत होती. गिरणीने तिला पुन्हा घेतलं, झाडायला. मी तिला एकदा सांगायचं ठरवलं. तिच्या ओसरीवर बसले आणि म्हटलं, "त्या मशीनचं पुस्तक मराठीत मी केलं होतं."

तिने झाडूची काडी मोडत ऐकलं. "तुमी?"

"हो. मला माहीत होतं की शब्द एकच लागला आहे."

मोडलेली काडी तिने ओसरीखाली टाकली. मग म्हणाली, "दुसरा शब्द असता तरी मुकादमानं हात घालायलेच लावलं असतं, बाई."

ती मला दोषातून सोडवत होती की नव्हती, मला कळलं नाही. तिचं म्हणणं खरं असेल तर माझा सगळा प्रस्ताव कशासाठी, आणि खोटं असेल तर मी कोण, या दोन प्रश्नांच्या मध्ये मी तेव्हापासून आहे.

नवीन आवृत्ती निघाली. गिरणीत नवे स्टिकर लागले आणि मी पाहायला गेले. तीन पायऱ्यांना आता खरोखर तीन शब्द होते. सगळ्यात वरच्याला 'चेतावणी', मधल्याला 'इशारा', खालच्याला 'धोका'. चटका बसणाऱ्या पॉलिशरवर 'धोका' आणि हात नेणाऱ्या झाकणावर सिगारेटच्या पाकिटावरचा शब्द. वेगळेपणा आला होता, क्रम उलटा झाला होता. बहुधा कुणीतरी माझ्या कागदावरचे शब्द घेतले आणि तक्ता न पाहता भरले.

मी एजन्सीला पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की तीन पातळ्यांना तीन वेगळे शब्द ही तुमचीच मागणी होती, ती पूर्ण झाली आहे, प्रकरण बंद करत आहोत. मी त्यांचं काम सोडलं. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बसलं असेल. त्याच्यासमोरही ते शब्द आपोआप भरून येत असतील.

गिरणी चालू आहे. पुसून पुसून झाकणावरच्या स्टिकरचा कोपरा सुटायला लागला आहे. त्या बायका तिथे अजूनही हात घालतात, मी पाहिलं आहे. मी त्यांना ओरडून सांगितलं, तेव्हा एकीने मान वर करून विचारलं, "काय म्हणून राहिल्या जी?" यंत्राच्या आवाजात तिला ऐकू आलं नव्हतं.