देवाचा आंबा सोडून कोणताही

माझी बायको मंगळवारी गेली. सकाळी सात वाजता तिने पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती गेली होती.

त्यानंतर पंधरा दिवस घरात माणसं होती. आता नाहीत. मुलगी म्हणाली, बाबा, आईबद्दल काहीतरी लिहून ठेवा. मी रोज एक-दोन ओळी लिहितो. अडचण एवढीच, की तिची आठवण काढली की मला आधी हसूच येतं. त्यामुळे हे लिखाण शोकाचं होईल असं वाटत नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघंही महाडच्या एका शाळेत शिकवत होतो. मी भूमिती, ती मराठी. ती पुण्याला भाषाशास्त्र शिकून आली होती आणि नोकरी सांभाळून तिथल्याच एका प्राध्यापकांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होती. तो काळ साठ सालानंतरचा. महाडात प्रबंध लिहिणारी बाई म्हणजे लोकांना तिच्याकडे बघून काय विचारावं हेच कळत नसे. वाणीण विचारायची, बाई, झालं का तुमचं पुस्तक लिहून? ती म्हणायची, अजून एका शब्दापाशी अडलेय. वाणीण म्हणायची, मग दुसरा शब्द घाला.

त्या शब्दापाशी ती अडली याला कारण मीच होतो. आमच्या वर्गांमध्ये एक लाकडी पडदी होती आणि माझा आवाज पलीकडे जायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "अहो, तुम्ही फळ्यावर किती त्रिकोण काढलेत?"

मी म्हटलं, एकच.

"आणि सांगितलंत काय? कोणताही त्रिकोण घ्या, त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन. काढलात एक आणि बोललात सगळ्यांबद्दल. मग तुमचा 'कोणताही' म्हणजे एक की सगळे?"

मी दहा वर्षं ते वाक्य बोलत होतो. ते कधी मोजून पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून 'कोणीही', 'कोणताही', 'कुठेही', 'काहीही' हे शब्द आमच्या घरी राहायला आले. तिने जुन्या लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे कापले आणि एकेका तुकड्यावर एकेक वाक्य लिहायला सुरुवात केली. लोक जे खरोखर बोलतात ते एका चवडीत आणि जे कोणी बोलणार नाही ते दुसऱ्या चवडीत. 'कोणीतरी आलं' पहिल्या चवडीत. 'कोणीही आलं तर बसवून घ्या' तेही पहिल्या. 'काल कोणीही आलं' हे दुसऱ्या. हे वाक्य चुकीचं का, असं मी विचारलं तर म्हणायची, तुम्हीच बोलून बघा. मी बोलून बघायचो आणि खरंच, वाक्य जिभेवर अर्धवट लटकायचं. काल आलं ते कोणी ठरावीक माणूस; 'कोणीही' हा शब्द तर तो ठरावीकपणाच नको म्हणतो.

तिचं मत असं झालं की 'कोणताही' हा मुळात 'एक'चाच भाऊ. 'कोणताही घ्या' म्हणजे एक घ्या, मग तो कुठला का असेना. यावर तिने चाळीस पानांचा भाग लिहिला, प्रबंधातला चौथा. सर्वांत मोठा तोच होता आणि बाकीचे भाग त्याच्यावर टेकून उभे होते.

पुण्याच्या त्या प्राध्यापकांचं, म्हणजे सरांचं, पोस्टकार्ड आलं. सर नेहमी लाल शाईने लिहीत. मजकूर असा होता, की 'कोणताही' म्हणजे 'सगळे'. मराठीत 'सगळे' आहेच आणि त्यावर लिहून झालेलं आहे. चौथा भाग काढून टाकावा आणि नवा विषय घ्यावा. दोन वर्षांचं काम एका कार्डात गेलं. शिवाय तिची मुदत पुढच्या दिवाळीपर्यंत होती. नवा विषय घेतला असता तर पदवी राहूनच गेली असती. तिने कार्ड पुस्तकात ठेवलं, भात लावला आणि मला म्हणाली, "त्यांना बोलवूया. वाक्य ऐकल्याशिवाय त्यांनी निकाल का द्यावा?"

सर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण मे महिन्यात ते भोरवरून वरंध घाटाने एसटीने उतरले. हातात छत्री, खिशात लिंबू. घाटाच्या वळणांनी त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी खाली पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, परत जायला दुसरा रस्ता आहे का? तिने सांगितलं, दुसरा रस्ता फार लांबचा आहे. सर म्हणाले, लांबचा चालेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलादपूरला गेलो. तिथे तिचं माहेर. शाळेची पायरी न चढलेली माणसं हा शब्द कसा वापरतात ते सरांना ऐकवायचं, हा तिचा बेत होता. शेजारच्या काकींना तिने आधीच सांगून ठेवलं होतं की पुण्याचे मास्तर येणार आहेत, तू नेहमीसारखी बोल. काकींनी त्याचा अर्थ पाहुणचार असा घेतला. अंगणात घोंगडी अंथरली होती आणि मधोमध रायवळ आंब्यांची पाटी होती. काकी जेमतेम चार फूट उंच, पण आवाज नदीपलीकडे पोचेल असा.

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "लाजू नका. कुठलाबी घ्या."

'कुठलाबी' म्हणजे तिचा 'कोणताही'च; बायकोने हळूच पेन्सिल काढली. सरांनी पाटीकडे नीट बघितलं आणि वरचाच एक मोठा, पिवळाधमक आंबा उचलला.

"तो नको!" काकींनी त्यांचा हातच धरला. "तो देवाचा हाय. झाडाचा पयला पिकलेला. गावदेवाला द्यायचाय अजून."

सरांनी आंबा खाली ठेवला. मग काकींकडे न बघता बायकोकडे बघून म्हणाले, "पण या तर कुठलाबी म्हणाल्या होत्या."

काकी ओशाळल्या. "चुकलंच माझं. तो सोडून कुठलाबी, असं म्हनायला पायजे होतं."

त्या एका वाक्याने बायकोचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. नंतर तिने मला समजावलं, तेव्हा कळलं. 'कुठलाबी घ्या' म्हणजे नुसतं 'एक घ्या' असतं तर काकींचं काहीच चुकलं नव्हतं. एक आंबा पाटीत घेण्याजोगा होताच, वीस होते. तरी त्यांना चुकल्यासारखं वाटलं, कारण त्या शब्दाने त्यांनी पाटीतल्या एकूण एक आंब्याची परवानगी देऊन टाकली होती आणि त्यातला एक द्यायचा त्यांना हक्क नव्हता. म्हणजे परवानगी सगळ्यांवर पसरते. सरांचं खरं होतं. तिची चाळीस पानं पाटीतल्या त्या एका आंब्यापायी गेली.

सरांनी मग बाजूचा एक लहान आंबा घेतला आणि चोखू लागले. जिंकलेल्या माणसासारखे चोखत होते असं मला वाटलं, पण मी तिचा नवरा होतो, मला तसंच वाटणार. ती मात्र हरल्यासारखी बसली नाही. तिने विचारलं, "सर, परवानगी सगळ्यांची होती, मग एकच का घेतलात?"

"एकच हवा होता म्हणून."

"काकी, मास्तरांनी एकच घेतला. तुझा शब्द मोडला का?"

"मोडला कशानं? दोन घ्या असं मी कुठं म्हनले? सगळे घ्या म्हनले असते आनि त्यांनी ठेवले असते, तर राग आला असता."

सरांनी कोय पानावर ठेवली. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण हे परवानगीचं वाक्य झालं. परवानगी एका वेळी एकदाच वापरली जाते, त्यात शब्दाचा काय दोष? तिने तेही लिहून घेतलं. मग तिने काकींना विचारलं, उद्या तू शेजारणीला काय सांगशील? मास्तरांनी कुठलाबी आंबा घेतला, असं सांगशील?

काकी हसल्या. "कुठलाबी कसा गो घेतील? घेतला तो दिसला ना मला. बारका घेतला, कडंचा, असं सांगेन."

आता दोघांच्याही पेन्सिली चालू झाल्या. निवड झाली की हा शब्द निघून जातो, एवढं तर दोघांनाही मान्य होतं. पण चौथ्या भागाचं काय, ते तसंच राहिलं होतं. सर घड्याळ बघत होते.

या सगळ्या वेळात मी काहीही केलं नव्हतं. मी घोंगडीच्या टोकाला बसून त्यांचं बोलणं ऐकत होतो. सासुरवाडीच्या शेजारात चोखून हात बरबटवायला मला संकोच वाटत होता. काकींच्या ते लक्षात आलं आणि त्या सरांकडे माझी तक्रार करू लागल्या.

"आनि आमचे जावईबापू बघा. एवढी पाटी म्होरं ठेवली, पन कुठलाबी घेतला नाय."

बायकोने मान वर केली. सरांनीही केली. मला वाटलं दोघं मला रागावणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"सर," ती म्हणाली, "इथे 'सगळे' घालून बघा."

सरांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. जावईबापूंनी सगळे घेतले नाहीत. मग माझ्याकडे पाहून काकींना विचारलं, "यांनी दोन घेतले असते आणि बाकीचे ठेवले असते, तर तुम्ही 'सगळे घेतले नाहीत' म्हणाला असता?"

"म्हनले असते की."

"आणि 'कुठलाबी घेतला नाही'?"

"दोन घेतल्यावर कशाला म्हनेन? खोटं हुईल ना ते. एक बी घेतला नाय म्हनून तर सांगतेय मास्तर."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकही नाही," ते शेवटी म्हणाले. "इथे तो 'एक'चाच भाऊ आहे. माझं 'सगळे' इथे बसत नाही."

मला तेव्हा आंबा घ्यावाच लागला. काकींनी स्वतः पिळून दिला.

परतताना एसटीच्या थांब्यावर सरांनी निकाल दिला. "चौथा भाग राहील. पण त्यातलं तुमचं मत जाईल, आणि त्याच्याबरोबर माझंही. हा शब्द एक नाही आणि सगळेही नाही. तो निवड मोकळी ठेवतो. भोवतीचं वाक्य ठरवतं, की त्यातून एक निघेल की सगळे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या त्रिकोणाचंही असंच आहे. काढता एक, पण त्याची निवड मोकळी ठेवता, म्हणून बोलणं सगळ्यांना लागतं."

ते लांबच्या रस्त्याने पुण्याला गेले.

पावसाळाभर ती चौथा भाग पुन्हा लिहीत होती. मी भात लावायला शिकलो, तो पहिले काही दिवस करपायचा. एकदा वाणीणीने विचारलं, शब्द सुटला का? ती म्हणाली, सुटला नाही, पण आता आमचं जमतं. दिवाळीआधी प्रबंध गेला आणि पुढच्या वर्षी तिला पदवी मिळाली. महाडात सत्कार वगैरे झाला नाही. पोलादपुरात काकींनी मात्र गावभर सांगितलं, की पोरीला पदवी आपल्या झाडाच्या आंब्यावर मिळाली. प्रस्तावनेत आभार मानताना तिने काकींचं नाव सरांच्या आधी घातलं होतं. सरांनी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं संसार केला. आमच्यात वाद झाला की ती विचारायची, तुम्ही कुठलंही ऐकत नाही की सगळं ऐकत नाही, नक्की काय ते सांगा. मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

प्रबंधाची टंकलिखित प्रत विद्यापीठात आहे. पुन्हा लिहिलेल्या चौथ्या भागाचा तिच्या हातचा कच्चा खर्डा माझ्याकडे आहे. त्याची त्रेपन्न पानं आहेत, आणि मी आतापर्यंत एकोणीस वाचली आहेत; सगळी नाहीत, पण 'कुठलंही वाचलं नाही' असं तिला म्हणता येणार नाही.