गाडी माझ्या नावावर

मला सायकलसुद्धा येत नाही. तरी सरकारदरबारी मी विनाहेल्मेट गाडी पळवणारी बाई! अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत असायची आणि मोबाइलवर मेसेज यायचा, तुमच्या वाहनावर चलान झाले आहे. खाली चलानचा नंबर आणि लिंक.

त्याचं असं झालं. कापूस मातीमोल झाला होता त्या वर्षी पोरीचं लग्न केलं. हुंडा नको म्हणाले, पण जावयाला मोटरसायकल पाहिजे होती. आमच्याकडे मानधन माझं एकटीचं, म्हणून गाडीचं कर्ज माझ्या नावावर, गाडीही माझ्या नावावर आणि नोंदणीत मोबाइल नंबरही माझाच. गाडी मात्र घाटंजीला पोरीच्या सासरी, आणि मी इकडे ढाणकीत.

पहिल्या चलानला मी घाबरून गेले. मग सवय झाली. लिंक उघडली की गाडीचा फोटो दिसायचा, कुठं आणि कितीचा दंड तेही. फोनवरूनच पैसे भरायचे, पावती यायची. शिव्या घालत भरायची मी. पोरगी फोनवर हसायची, "आई, आज कोणता फोटो आला तुह्या जावयाचा?" एकदा तर तिघं बसले होते गाडीवर आणि मधला माणूस भेळ खात होता.

शेवटी डोकं फिरलं माझं. आरटीओच्या कामाला जाणाऱ्या एका माणसाला विचारलं. त्यानं सांगितलं, नाव बदलायचं तर आधी सगळे चलान भरलेले पाहिजेत, आणि अर्जावर घेणाऱ्याचीही सही पाहिजे. म्हणजे जावयानं सही करेपर्यंत दंड माझ्याच बोकांडी. नाही भरला तर लोकअदालतीची नोटीसही माझ्याच दारात. मी जावयाला फोन केला. गोडीतच म्हटलं, जावईबापू, दंड तुम्ही भरत जा, नाहीतर गाडी नावावर करून घ्या.

झालं! पोरीच्या सासूला वाटलं मी गाडीचे पैसे मागून राहिले. त्या दिवसापासून पोरीचा फोन बंद. तिच्या सासऱ्यांना लावला की ती वावरात गेली, ती झोपली, ती पाण्याला गेली. दिवाळीला आणायला तिचे बाबा गेले, तर फाटकातूनच परत पाठवलं. जावयानं दोन हेल्मेटं घेतली, तेवढी त्यांना फाटकातून दिसली. चलान येणं थांबलं.

सुटले म्हणायला पाहिजे होतं ना मी? जीव नुसता कोंडला. आधी निदान कळायचं, गाडी आज यवतमाळला होती, म्हणजे घर चालू आहे. आता काहीच नाही. स्वतः होऊन साइटवर गाडीचा नंबर टाकायची, चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकायची. एकही चलान बाकी नाही, असं दिसायचं. बाकी नाही म्हणून रडणारी मीच असेन.

माघ उतरता उतरता मेसेज आला. अंगणवाडीत पोरांचं वजन चालू होतं, काटा तसाच सोडून मी लिंक उघडली. यवतमाळचा चौक. जावयाच्या डोक्यावर काही नाही, मागे बसलेल्या बाईच्याही नाही. ती माझी पोरगी होती. पदर मागे टाकलेला, तोंड वाळलेलं, आणि पोलिसाच्या हातातल्या यंत्राकडे सरळ पाहत होती. माझ्याकडेच पाहत होती ती.

दुसऱ्या दिवशी उमरखेडहून घाटंजीची एसटी धरली. आईला दारातून परत पाठवणं त्यांना जमलं नाही. जावयानं अर्ज पुढे केला, त्याची सही करून तयार. म्हणाला, "तेवढं चलान भरा, सही करा आन् मोकळ्या व्हा. मंग तुमचा आमचा संबंध नाही."

चहा घेऊन पोरगी आली. कप देताना वाकली आणि हळूच म्हणाली, "हेल्मेटं मीच लपोली होती, आई. गव्हाच्या कोठीत."

तिथंच बसून चलान भरलं, पावती जावयाला दाखवली. त्यानं पेन दिला. किती दिवस याच सहीसाठी तडफडले होते मी.

पेन मी खाली ठेवला.

"राहू द्या," म्हटलं, "गाडी माह्याच नावावर राहू द्या."