अस्वलाचा लाल खिसा

त्या काळी नागपुरात माझ्याएवढ्या झपाट्याने ब्रश चालवणारा दुसरा माणूस नव्हता. हे मी सांगतो म्हणून खरं माना. पडताळा द्यायला आता कोणी उरलेलं नाही. जरीपटक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या. त्या पाहूनच एका प्रकाशकाने मला चित्रं काढायला माझं पहिलं पुस्तक दिलं, मुलांचं, रंगीत. चोवीस पानं, आणि पानोपानी एक अस्वल. पिवळा सदरा, तीन हिरवी बटणं, छातीवर डावीकडे लाल खिसा.

काम देताना म्हातारा प्रकाशक म्हणाला होता, "हे पाह्य गा, मागच्या पुस्तकातल्या पोरीचा फ्राक चित्रकारानं दर पानावर बदलला. पोरायनं पत्रं लिहिली मले, ही एवढे फ्राक आणते कुठून म्हणून. त्याले पुन्हा काम नाही देल्लं. तुलेही नाही देणार."

मी हसलो. माझी तयारी कडेकोट होती. एका पुठ्ठ्यावर अस्वल पुढून, मागून, बाजूने काढून टेबलासमोर ठोकलं होतं. सदऱ्याचा पिवळा रंग एकदाच कालवून लोणच्याच्या बरणीत भरला होता; कामठीच्या फौजेचे तंबू रंगवूनही उरला असता. अस्वल पहिली बारा पानं उजवीकडे तोंड करून जंगलात जातं, पुढची बारा डावीकडे तोंड करून घरी येतं. म्हणून मी युक्ती केली. जातानाच्या अस्वलांचे ट्रेसिंग पेपर सरळ उलटे केले, आणि येतानाची अस्वलं दोन दिवसांत तयार.

सोमवारी चित्रं द्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी ती सक्करदऱ्याच्या आमच्या खोलीत भिंतीला लावून मी बायकोला कौतुकासाठी बोलावलं. ती घरीच शिवणकाम करायची. हातातला टेप गळ्यात टाकून तिने एकेक पान पाहिलं आणि तेराव्यापाशी थांबली.

"अहो, ह्याचा खिसा इकडे काहून आला?"

"कुठं इकडे?"

"जाताना डाव्या छातीवर होता. येताना उजव्या. अन् ही बटणपट्टी पाहा. उजवी बाजू डावीवर चढली. जंगलात गेलं तवा सदरा घातला होता, परत आलं ते माझं पोलकं घालून आलं."

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं, चित्रांकडे पाहिलं. ट्रेसिंग उलटं केलं की अस्वलाबरोबर खिसाही उलटा होतो, एवढी साधी गोष्ट माझ्या झपाट्यात राहून गेली होती. बारा पानं. दुसरं पुस्तक गेलं, आणि मी पुन्हा पाट्यांच्या शिडीवर.

लाल खिशावर पिवळा फासून पाहिला. पोस्टर कलरच तो, खालचा लाल ओला होऊन वर आला आणि अस्वलाच्या छातीवर गोवर उठल्यासारखं दिसू लागलं.

"नुसता खिसा सरकवून नाही जमणार," बायको म्हणाली. "वळलं की खिशाचं माप बदलते. थांबा."

तिने ब्लाऊजच्या चिंध्यांतून वीतभर सदरा शिवला, कापूस भरलेल्या बाहुलीला घातला आणि बाहुली माझ्यापुढे डावीकडे वळवून ठेवली. तेव्हा कळलं. जाताना खिसा पलीकडच्या बाजूला, म्हणून निमुळता दिसत होता. येताना तो अलीकडे, चांगला ऐसपैस हवा होता.

मग आम्ही बारा सदरे शिवले, म्हणजे ती बाहुली वळवत होती आणि मी पातळ कागदावर रंगवत होतो. बरणीतला रंग सुकून ढेकूळ झाला होता. पाणी घालून जागा केला. ओला रंग गडद दिसतो, म्हणून दर वेळी कागदावर रंगाची पट्टी ओढून, वाळवून जुन्या सदऱ्याशी ताडून पाहिली. कागदाचे सदरे कापले, मागून कडा काचपेपरने घासून झिरझिरीत केल्या, नाहीतर छपाईचा ब्लॉक करताना कॅमेऱ्यात कडेची सावली येते. मग डिंकाने एकेका अस्वलाला कपडे चढवले. इतक्या तन्मयतेने मी लग्नात स्वतःचा कोटही घातला नव्हता.

सोमवारी प्रकाशकाने एका कोऱ्या पुठ्ठ्याला भोक पाडून ते पानापानावर ठेवलं. भोकातून फक्त सदरा दिसायचा. चोवीस पानं तपासून तो सतराव्यावर परतला.

"इथं खिसा कुठी गेला?"

"पाठमोरं आहे ना जी."

त्याने भोकातून पुन्हा पाहिलं, पुठ्ठा बाजूला केला, अस्वलाची पाठ पाहिली. "बरं," म्हणाला, आणि पुढच्या पुस्तकाचा मजकूर माझ्या हातात ठेवला. त्यात एक माकड होतं.

घरी येऊन मी माकडाचे कपडे काढायला बसलो, तर बायकोने कागद ओढून घेतला. गोल गळा, बटणं नाहीत, दोन्हीकडे सारखे दोन खिसे.

"घ्या," ती म्हणाली. "आता फिरवा तुमचं ट्रेसिंग किती फिरवता ते."