चष्म्याचं फडकं

प्रिंटर घसरायला लागला की आधी त्याचा आवाज बदलतो. एरवी कागद आत ओढताना तो एकदाच घुर्र करतो आणि कागद निमूट खाली जातो. घसरत असेल तर घुर्र, घुर्र, पुन्हा घुर्र, आणि कागद जागच्या जागी. आतले रबराचे रूळ फिरत असतात, पण त्यांना कागद धरता येत नाही. अजूनही कुठल्या दुकानात हा आवाज कानावर आला की मी बोलणं सोडून मशीनकडं बघते.

मी मालवणकडची. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्यामागून वणीच्या रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावात येऊन पडले. तो कोळशाच्या ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी नाही. ज्यांच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहायचो त्या काकांचं पुढं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, फोटो. मला एकटीला घरात बसून भीती वाटायची. दाराची कडी लावली की नाही हे मी चार वेळा बघायची. काकूंनी ते ओळखलं आणि एक दिवस म्हणाल्या, “इथं बसून कडीले घोकण्यापरीस दुकानात येऊन बस नं.” अशी मी दुकानात गेले. तिथं मी माणसांत आले, हे मी कोणापुढंही सांगते.

गावाच्या एका अंगाला कोळशाची वाहतूक आणि दुसऱ्या अंगाला कापसातली सरकी काढणारं जिनिंग. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या लागल्या की उडता रुवा सगळीकडं. चहाच्या कपात, केसांत, कीबोर्डच्या बटणांमध्ये. कापसाची ती वर्षं वाईट होती. दुकानात भावाशिवाय बोलणं नसायचं, आणि घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून न्यायला लोक फार यायचे. कधी लग्नातल्या घोळक्यातला एक चेहरा, कधी ओळखपत्रावरचा नखाएवढा तुकडा. काका तो स्कॅन करून साफ करायचे आणि जाड चकचकीत कागदावर छापायचे. अशा फोटोच्या आधी ते न चुकता रूळ पुसत. जाड कागद आधीच ओढायला जड. रुळावर रुवा आणि कागदाची भुकटी बसलेली असली की तो मध्येच अडतो.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बटण बंद, वायर काढलेली. खिशातल्या डबीतून चष्म्याचं फडकं काढायचं, निळं, तलम, धागा न सुटणारं. त्याचं टोक साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं. मग एका हातानं रूळ थोडा थोडा फिरवत दुसऱ्या हातानं सगळीकडून पुसायचा. फडकं काळं यायचं. पुन्हा स्वच्छ टोक, पुन्हा पुसणं. मग रबर वाळेपर्यंत हात बांधून बसायचं, आणि फडकं धुऊन, वाळवून पुन्हा डबीत.

“स्पिरिटनं लवकर होईल ना काका?” मी एकदा विचारलं होतं.

“होईन नं. अन् रबर लवकर म्हातारंही होईन,” ते म्हणाले. “याले पाणी पुरते. फक्त ओलं पाह्यजे, गळतं नाई. अन् ज्याचा धागा सुटते थे कापड तं आत घालूच नको.”

माघाच्या आसपास काका गेले. भर दुपारी, दुकानातच. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता छातीवर हात ठेवून खुर्चीत बसले. ग्रामीण रुग्णालयातून ते घरी आले ते पांढऱ्या चादरीत, आणि त्यांच्याबरोबर एक प्लास्टिकची पिशवी. त्यात शर्ट, घड्याळ, चष्म्याची डबी. काकूंनी ती पिशवी न उघडता कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना घ्यायला अकराला भंतेजी येणार होते. बुद्धमूर्तीशेजारी काकांचा फोटो ठेवायचा होता आणि घरात त्यांचा ठेवण्याजोगा एकही फोटो नव्हता. साऱ्या गावाचे फोटो छापणाऱ्या माणसाचा. होता तो फक्त कॉम्प्युटरमध्ये. फोटोसाठीचा मागचा पडदा बदलला तेव्हा उजेड बघायला मी त्यांना स्टुलावर बसवून एक काढला होता. “हा कायले काढला वं? पुसून टाक,” म्हणत ते हसले होते, आणि तेच हसू त्यात आलं होतं. मी तो पुसला नव्हता.

सकाळी मी आंघोळ करून दुकानात आले तेव्हा काकूंचे भाऊ, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, प्रिंटरपुढं बसलेले. ते जिनिंगमध्ये कामाला. बिचारे पहाटेपासून धडपडत होते. कागद ओढत नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून मूठभर पांढराशुभ्र सरकी काढलेला कापूस काढला, पाण्यात भिजवला आणि रूळ घासून काढले. इकडं हात असाच कापसाकडं जातो. जखमेला कापूस, कानाला कापूस, दिव्याला कापूस.

“पाय, कसे चमकून राह्यले,” मामा म्हणाले. “तुमच्या कोकणात असा कापूस पाह्यला होता का?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. घुर्र झालं, कागद आत गेला, डोक्याचे केस उमटले, कपाळ उमटलं. मग आवाज बदलला. शाई चालू राहिली आणि कागद थांबला. बाहेर आला तेव्हा कपाळाखाली डोळे, नाक, हसू सगळं एकावर एक चेपून एक काळपट पट्टा झाला होता. त्याच्याखाली शर्टाची बटणं मात्र नीट.

काकूंनी तो कागद हातात घेतला. इतके दिवस त्या रडल्या नव्हत्या. आता त्या खाली बसल्या.

“माय वं... त्याचं तोंड काहून असं केलं रे?”

मामांच्या हातातला ओला बोळा तसाच राहिला. “ताई, मी वणीले जाऊन येतो. गाडी काढतो. तिथं स्टुडिओत...”

“नाई.” काकूंनी डोळे पुसले. “साऱ्या लोकायचे इथून निघाले. याचा दुसऱ्या दुकानातून नाई आणायचा.”

दहाला लाइट जाणार होती. त्या दिवसांत भारनियमनाची वेळ भाकरीच्या वेळेसारखी पाठ असे. जाड कागद एकच उरला होता. मी वायर काढली, मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला. रबरावर ओल्या कापसाचे बारीक तंतू चिकटून बसले होते, आधीच्या रुव्यावर नवीन. दिसतील तेवढे मी चिमट्यानं वेचले. पण खाली राहिलेला थर पुसल्याशिवाय सुटणार नव्हता.

पुसायचं कशानं? टॉवेलचा रुवा निघतो. माझा पदर सुती, धुऊन धुऊन विरलेला. नवऱ्याचा टेरिकॉटचा शर्ट आणला, तर तो पाणीच धरेना, रबरावर नुसता सरकला. मला माहीत होतं काय लागतं ते. आणि ते कुठं आहे तेही माहीत होतं. माझे तळहात घामानं थबथबले होते. मी रुळाला बोटही लावत नव्हते, घामाचा तेलकटपणा लागला तर आणखी घसरेल म्हणून.

“काकू,” मी म्हटलं, “काकांचं चष्म्याचं फडकं लागेल.”

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मग मामांकडं. मामा बाहेर जाऊन ओट्यावर उभे राहिले.

कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग पिशवीचा, बराच वेळ. त्या डबी घेऊन आल्या. चष्मा त्यांनी बाजूला काढला, फडकं हातात घेतलं, आणि नाकाशी धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं.

“शर्टाले तं दवाखान्याचाच वास येते,” त्या म्हणाल्या. “यालेच त्याचा येते. डोक्याच्या तेलाचा.”

“राहू दे काकू. मी दुसरं काहीतरी बघते.”

“दुसरं काय पाहशीन?”

“ओलं करावं लागेल हो ते.”

“मले नाई मालूम का? जल्मभर पाह्यलं मी त्याले पुसतानी.” त्यांनी आणखी एकदा श्वास घेतला, खोल, आणि फडकं माझ्या हातात दिलं. “घे. पण नीट कर.”

मी एक टोक पाण्यात बुडवलं आणि पिळलं. उलट्या मनगटाला लावून बघितलं, गळत नव्हतं. एका कडेनं रूळ फिरवत पुसत गेले. पहिल्या फेरीत फडकं काळं झालं आणि त्यावर कापसाचे तंतू आले. दुसरं टोक, मग तिसरं. काकू टॉर्च धरून होत्या आणि उजेड हलत होता. शाई सोडणारं डोकं आणि त्याला जागा दाखवणारी पातळ पारदर्शक पट्टी यांना मी ओलं फडकं लागू दिलं नाही. शेवटी फडक्यावर काही येईना. रबर राखाडी, बिनचमकीचं झालं. चमक म्हणजे घाण, हेही काकांचंच.

मग वाळायची वाट. फुंकर मारावीशी वाटत होती, पण मारली नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून राहिलो. बाहेर मांडव घालणारे हाका मारत होते.

साध्या कागदावर आधी तपासून पाहिलं. एकदाच घुर्र. पाठोपाठ जाड कागद लावला. केस आले, कपाळ आलं. काकूंनी माझं मनगट धरलं. भुवया आल्या, चष्मा आला, चष्म्यामागचे डोळे आपापल्या जागी आले. मग ते हसू, ओळीओळीनं, घाई न करता. मामा आत येऊन मागं उभे होते, ते मला कळलंच नव्हतं. “भाऊजी,” एवढंच ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

वंदना सुरू झाली तेव्हा लाइट गेलेली होती. मेणबत्त्यांच्या उजेडात तो फोटो फार चांगला दिसला. माणसं येत होती, फूल ठेवत होती. त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर काकांनी छापलेला एकेक चेहरा होता.

जेवणं उरकल्यावर मी मोरीत फडकं धुवायला घेतलं. साबण लावणार, तेवढ्यात काकूंनी ते हातातून काढून घेतलं. काळं, ओलसर, चुरगळलेलं. त्यांनी ते पुन्हा नाकाशी नेलं. मी मान खाली घातली.

“गेला,” त्या म्हणाल्या. “आता मशीनचाच येते.”

“काकू...”

“चाल्ते.” त्यांनी ते गुडघ्यावर पसरलं, तळहातानं सारखं केलं आणि चौघडी घातली. “त्याच्या हातालेही जेवतानी थोच येत जाय. मीच वरडत जाओ, हात धुवून ये म्हणून.”

फडकं डबीत गेलं, डबी कपाटात. नवऱ्याच्या हाती मी वणीहून तसलंच एक नवं आणवलं, आणि पुढची वर्षं प्रिंटर त्यावर चालला. काकू मात्र जेवताना माझे हात बघायच्या. एखादे दिवशी मी रूळ पुसून तशीच पानावर बसले, तर त्या ओरडायच्या नाहीत. वाढता वाढता थोड्या जवळ यायच्या.