अक्षरीबाईंच्या भावाचं बिल

आमच्या हिशेब खात्यात बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर आहे. बाकी सगळ्यांना त्या अक्षरीबाई. शिपायापासून साहेबांपर्यंत कुणीही विचारलं, "हे बिल कुणी अडवलं?" की उत्तर एकच. आणि मग समोरचा कपाळाला हात लावतो.

बिल हातात आलं की माणसं आधी बेरीज बघतात. बाई खालून सुरुवात करतात. खाली अंकांत लिहिलेली रक्कम, तिच्याखाली तीच रक्कम अक्षरांत, शेवटी "मात्र". आधी अक्षरं वाचायची, ओठ हलवत, पुटपुटत. मग अंक. दोन्ही जुळले तरच वरती जायचं. न जुळले तर बाई चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "शेजारी, आला बघा एक."

शेजारी म्हणजे मी. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून आहे, मध्ये एक पंखा आहे आणि त्याचं तोंड कुणाकडे असावं यावर आमची वर्षानुवर्षं भांडणं आहेत. माझा स्वभाव तापट आहे, हे मी नाकारत नाही. पण या बाईंसमोर मी गप्प बसतो. चिडून काय करणार, त्या बरोबर असतात ना!

नवीन पोरं येतात आणि शहाणपणा करतात. "बाई, अक्षरी रक्कमच खरी धरायची, सरळ नियम आहे." अरे बाबा, तो नियम चेकचा. चेकवर दोन्ही जुळलं नाही तर अक्षरं धरतात, कारण त्या कागदावर दुसरं काहीच नसतं. बिलावर वरचा सगळा संसार मांडलेला असतो: किती नग, काय दर, किती कर. गुणाकार करा, माल उतरवल्याची पावती लावा, ऑर्डरचा दर बघा. कोण खोटं बोलतंय ते तिथे कळतं. आणि कळलं तरी आपल्या पेनाने दुरुस्त करायचं नाही. बिल ज्याचं, दुरुस्ती त्याची. परत पाठवायचं, नवीन मागवायचं.

बहुतेक वेळा अक्षरंच खोटी असतात, हेही सांगून ठेवतो. लहान धंदेवाले मागच्या महिन्याचं बिल उघडतात, त्यावरच नवे आकडे घालतात. बेरीज कॉम्प्युटर आपोआप करतो, अक्षरं मात्र हाताने बदलावी लागतात. ती बदलायची राहतात. असली बिलं आठवड्याला दोन-चार येतातच.

पण खोक्यांच्या बिलात हे कधी झालं नव्हतं.

आमच्या कारखान्याला पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा माणूस म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. पहिलं बिल आलं त्याच दिवशी बाई साहेबांकडे जाऊन सांगून आल्या, "हा माझा भाऊ आहे. याचं बिल मी एकटी पास करणार नाही." तेव्हापासून त्या बिलावर दुसरी सही माझी. आणि काही विचारायचं असेल तर फोनही माझाच. कारण बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर डोकं फिरेल. आई गेली तेव्हा दवाखान्याचा खर्च भावाने केला होता. दिवसकार्य झाल्यावर बाई म्हणाल्या, "बिलं दे, मी बघते." बाईंच्या मनात एवढंच, की निम्मा भार आपण उचलू. पण तोंडून निघालं ते हिशेब खात्याचं वाक्य. भाऊ तडकला. "आईच्या आजारपणाचीही बिलं तपासणार तू? जा, तुझ्या ऑफिसात तपास!" बाईही मानी. त्या उठल्या आणि निघून आल्या. सात वर्षं झाली. एक वाक्य, आणि सात वर्षं. मी कितीदा म्हटलं, "बाई, फोन उचला आणि मोकळ्या व्हा." त्या म्हणायच्या, "मी मोठी आहे, शेजारी. एकदा त्याने नुसतं 'अक्का' म्हणावं. मग मी पळत जाईन."

त्या 'अक्का'साठी बाई झुरत होत्या. दुसरा शब्द नाही त्याला. दर महिन्याला खोक्यांचं बिल आलं की त्या ते सगळ्यांत शेवटी ठेवायच्या, जेवणानंतर उघडायच्या, आणि अक्षरी रक्कम एकदा नव्हे, तीन-तीनदा वाचायच्या. मी चिडवायचो, "पाठ करताय का?" तर हसून एकदा म्हणाल्या, "हे मीच शिकवलंय त्याला."

आई शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाचं बिल लिहायची पाळी आली की बहीण मोठ्याने रक्कम म्हणायची आणि हा चिमुरडा शेवटी टाळी वाजवून ओरडायचा, "मात्र!" तोच त्याचा वाटा. 'मात्र' लिहिलं की पुढे कुणाला काही घुसडता येत नाही, हे बहिणीने समजावलं होतं. पुढे हा लिहायला लागला तेव्हा तिने बजावलं, आधी अक्षरं म्हणत म्हणत लिही, मग आकडा टाक. हात घसरतो, जीभ घसरत नाही. पोरगा तेच करत मोठा झाला.

त्या दिवशी बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पण "आला बघा एक" म्हणाल्या नाहीत. नुसतं बिल माझ्यापुढे सरकवलं.

मोठी खोकी साडेबाराशे, दर अठरा रुपये चाळीस पैसे. लहान अठराशे, दर साडेनऊ. दोन्ही मिळून चाळीस हजार शंभर, वर बारा टक्के कर. अंकांत ४४,९१२. खाली अक्षरांत: एकेचाळीस हजार सहाशे चौसष्ट मात्र.

मी गुणाकार केला. अंक बरोबर. पावतीवर नग तेवढेच, ऑर्डरचा दरही तोच. "अक्षरं मागच्या महिन्याची राहिलीत," मी म्हणालो आणि मागचं बिल काढून शेजारी ठेवलं. एकेचाळीस हजार सहाशे चौसष्ट. "झालं! करतो मी फोन, नवीन पाठवा म्हणतो."

"हे बिल त्याने केलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, घाईत राहिलं असेल. माणूस आहे."

"शेजारी, तो अक्षरं आधी लिहितो. आकडा चुकेल त्याचा, अक्षरं जुनी राहणार नाहीत." बाईंचा आवाज चिरकला. "त्याला काहीतरी झालंय."

मी हसण्यावारी नेणार होतो. पण त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढून घेतला. सात वर्षांत जो नंबर मी फिरवायचो तो त्यांना तोंडपाठ होता.

पलीकडे भावजय होती. मला एवढंच ऐकू आलं, "वन्सं? तुम्ही?" आणि मग बराच वेळ रडणं. बाईंनी फोन ठेवला. चेहरा पांढराफटक.

"अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवस झाले. उजवा हात गेला. बोलणं गेलं." बिलाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "बिल तिने केलं. मला कळवलं का नाही विचारलं, तर म्हणाली, तुम्ही याल असं वाटलं नाही." आणि मग, सगळं खातं बघत असताना, अक्षरीबाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. "मी वाट बघत बसले हो! तो म्हणेल, तो म्हणेल. आता कशाने म्हणणार तो?"

साहेब आले. त्यांनी बिल बघितलं आणि म्हणाले, "परत पाठवायचंच आहे ना? मग तुम्ही दोघंच घेऊन जा."

खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या. जिन्यात पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास. बाई तिसऱ्या पायरीवर थांबल्या. "तुम्ही पुढे व्हा, शेजारी. मला जमत नाही." मी म्हटलं, "बाई, आता जर मागे फिरलात ना, तर मी आयुष्यभर पंख्याचं तोंड माझ्याकडे करून ठेवीन." तेव्हा त्या चढल्या.

भाऊ खिडकीपाशी खुर्चीत होता. बहिणीला बघितलं आणि त्याचं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. शब्द येईना. त्याला काय म्हणायचं होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. भावजयीने तोंडाला पदर लावला. बाई त्याच्या पायाशी खाली बसल्या. "राहू दे रे. राहू दे. मीच चुकले. मीच आधी यायचं होतं."

तो मान हलवत होता, नाही, नाही. मग डाव्या हाताने त्याने माझ्या हातातलं बिल ओढलं. मांडीवर ठेवलं. बोट अक्षरांवर नेलं आणि रागाने खाटकन आपटलं, बायकोकडे बघून. चूक त्यालाही दिसली होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. मग बोट वर सरकलं, आकड्यावर आलं. तिथे थांबून त्याने बहिणीकडे बघितलं.

बाईंना कळलं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा खाली घेतला आणि लहान पोरांना सांगतात तसं मोठ्याने, सावकाश म्हटलं,

"चव्वेचाळीस हजार... नऊशे... बारा..."

आणि थांबल्या.

खाली कुणीतरी पुठ्ठा कापत होतं, तेवढाच आवाज. भावाचा डावा हात उचलला गेला. टाळी वाजवायला दुसरा हात उठेना, म्हणून तो गुडघ्यावरच पडला.

"मात्र," तो म्हणाला.

जड, फाटका, अर्धा गिळलेला. पण 'मात्र'च.

भावजय किंचाळलीच. डॉक्टरांनी, पोरांनी, सगळ्यांनी करून बघितलं होतं, एक शब्द निघाला नव्हता. बाईंनी भावाच्या त्या निर्जीव हाताखाली स्वतःचा तळहात धरला, त्यावर त्याचाच डावा हात आपटला आणि टाळी पुरी केली.

नवीन बिल भावजयीने तिथेच बनवलं. बाई अक्षरं सांगत होत्या. आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी सह्या केल्या.

आता बाई रोज ऑफिस सुटलं की तिकडेच जातात. जाताना रद्दीतल्या बिलांच्या झेरॉक्स पिशवीत असतात. त्या रक्कम म्हणतात, तो शेवट करतो. हल्ली "हजार"ही येतं म्हणे. मी रोज सकाळी पंखा त्यांच्याकडे वळवतो आणि विचारतो, "काय बाई, अक्का म्हणाला का?"

"अजून नाही," त्या म्हणतात, आणि पहिलं बिल उचलून खालून वाचायला लागतात.